चारची वेळ, सव्वापाचला खुर्ची: शनिवारच्या उशिराबद्दल

«शनिवारी चारची वेळ घेतली होती, ३०० रुपये ॲडव्हान्सही दिला होता. खुर्चीत बसायला सव्वापाच वाजले. तोवर "पाच मिनिटं ताई" तीनदा ऐकलं. सातला कावळा नाक्याजवळ बहिणीचा साखरपुडा. केस घाईघाईत वाळवले आणि हॉलवर पोचेपर्यंत सगळा बट्ट्याबोळ. ॲडव्हान्स घेता तर वेळ पण पाळा की.»

ताई, मनापासून माफी मागतो. तुम्ही ३.५५ला दारात होता आणि सव्वा तास थांबलात. यात तुमच्याकडून काहीच चुकलेलं नाही. उशीर कसा झाला ते लिहितो, कारण ते न सांगता नुसतं "गैरसोयीबद्दल क्षमस्व" लिहिणं म्हणजे पुन्हा "पाच मिनिटं ताई"च झालं.

तुमचा कट ज्यांच्याकडे होता, त्यांच्याकडे दोन वाजता रूट टच-अपचं काम होतं. केसांच्या मुळांपुरता रंग, वाळवण्यासकट दोन तास. म्हणून पुढची वेळ चारची दिली. खुर्चीत बसल्यावर कळलं की खालच्या लांबीवर बरीच वर्षं काळी मेंदी आहे आणि रंग मुळांपासून टोकांपर्यंत हवा आहे. त्या ग्राहकांची यात चूक नाही. फोनवर हे विचारायचं काम आमचं होतं, आम्ही विचारलं नाही.

बाजारातल्या काही काळ्या मेंद्यांत धातूंचे क्षार असतात. अशा केसांवर पेरॉक्साइड मिसळलेला रंग लावला तर केस तापतात, तुटतात, कधी रंग भलताच उतरतो. म्हणून आधी एका बटेची चाचणी करावीच लागते. मानेजवळची बारीक बट कापून २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि अमोनियाच्या थोड्या थेंबांत अर्धा तास बुडवून ठेवायची. वाटी गरम लागली, उग्र वास सुटला किंवा केसांचा रंग झपाट्याने बदलला, तर रंगाचं नाव काढायचं नाही. त्या दिवशी बट ठीक निघाली. पण तेवढ्यात पावणेतीन वाजले.

त्यानंतरचा हिशेब असा. पूर्ण लांबीला रंग लावायला ५० मिनिटं, म्हणजे ३.३५. रंग चढायला ४० मिनिटं, म्हणजे सव्वाचार. त्या वेळी धुण्याचं बेसिन दुसऱ्या खुर्चीवरच्या स्मूदनिंगसाठी अडलेलं होतं. ते क्रीमही वेळेवर धुवावंच लागतं आणि धुवायला चांगली पंधरा-वीस मिनिटं पाणी लागतं. आमच्याकडे बेसिन एकच आहे. रंग धुऊन, कंडिशनर लावून, केस वाळवून संपायला पाच वाजून दहा मिनिटं झाली.

रंग चढत होता तेव्हा कारागीर मोकळाच होता, मग तुमचा कट का सुरू केला नाही, असं तुम्ही विचाराल. तुम्ही आलात तेव्हा रंग धुवायला वीसच मिनिटं उरली होती आणि कटला ३५ मिनिटं लागतात. ओले केस भाग पाडून, क्लिपा लावून अर्ध्यावर सोडले तर ते कमीजास्त वाळतात आणि परत आल्यावर लांबीचा अंदाज चुकतो. डोक्यावरचा रंग थांबवता येत नाही, कट थांबवता येतो. म्हणून अशा वेळी नेहमी कटवालाच मागे पडतो. खरं तर रंग धुवायचं काम मदतनीसही करू शकतो. त्या शनिवारी मदतनीस सुट्टीवर होता, तरी वेळा आम्ही पूर्ण भरल्या. ही चूक सरळसरळ आमची.

त्याहून मोठी चूक वेगळीच आहे. चारचं काम पाचच्या आधी सुरू होणार नाही, हे पावणेतीनलाच स्पष्ट होतं. तेव्हा तुम्हाला एक फोन गेला असता तर तुम्ही घरून उशिरा निघाला असता, दुसरीकडे गेला असता किंवा वेळ रद्द करून पैसे परत घेतले असते. फोन झाला नाही. उलट काउंटरवरून तीनदा पाच मिनिटं सांगितली गेली, आत न विचारताच. आणि पावणेतीनला खरा उपाय हाताशी होता: मुळांपुरताच रंग करून लांबीसाठी मंगळवारची वेळ द्यायची. शनिवारी हो म्हणून टाकलं, ते नडलं.

आता केस का बसले नाहीत ते. तुमच्या लांबीला ब्लो-ड्रायला ३५ मिनिटं लागतात. कट ५.५० ला संपला, तुम्हाला सव्वासहाला निघायचं होतं, हातात पंचवीसच मिनिटं होती. नीट पद्धत अशी की आधी हाताने मोकळे करत केस ऐंशी टक्के वाळवायचे, मुळं तर पूर्णच, आणि मग गोल ब्रश धरायचा. प्रत्येक बट गरम हवेने ओढून झाली की ब्रशवरच गार होऊ द्यायची, कारण आकार पक्का होतो तो गार होताना. त्या दिवशी ओल्या केसांवरच ब्रश चालवला आणि बट गार व्हायच्या आत सोडली. वरून केस कोरडे दिसतात, बोट मुळाशी नेलं की थंडगार दमट लागतं. तो दमटपणा आणि बाहेर पावसाळी हवा, मग आकार अर्धा तासही टिकत नाही. खुर्चीत बसताना "कट राहू दे, नुसता ब्लो-ड्राय नीट करू का?" एवढं विचारलं असतं तरी तुमची संध्याकाळ सावरली असती.

ब्लो-ड्रायचे सगळे पैसे परत करतोय. ज्या नंबरवरून ॲडव्हान्स आला त्याच नंबरवर आज पाठवतो. कट घाईत केलेला नाही, तरी एकदा बघून घ्या: केस पूर्ण कोरडे असताना मधोमध भांग पाडून दोन्ही बाजूंच्या पुढच्या बटा हनुवटीखाली सरळ ओढा. टोकं खालीवर दिसली तर येऊन दुरुस्त करून घ्या, पैसे लागणार नाहीत. तुम्ही लिहिलेलं काढा किंवा बदला असं म्हणणार नाही. लिहिलंय ते खरं आहे.

इथून पुढं रंगाची वेळ देताना फोनवर तीन गोष्टी विचारतोय: केस कुठवर आहेत, काळी मेंदी किंवा घरचा रंग कधी लावला होता, आणि रंग फक्त मुळांना की पूर्ण. मेंदी असेल तर बटेची चाचणी आधी वेगळ्या दिवशी. ॲलर्जीची कानामागची चाचणी तशीही ४८ तास आधी करायची असते, दोन्ही एका फेरीत होतात. शनिवार-रविवारी रंगाच्या कामानंतर अर्धा तास रिकामा ठेवतोय. त्यामुळे दिवसाला एखादं काम कमी होईल, ते चालेल. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर दिसला तर फोन आमच्याकडून येईल, आणि तेव्हा थांबायचं, काम कमी करायचं की ॲडव्हान्स परत घ्यायचा, हे तुम्ही सांगायचं. काउंटरवर आता "पाच मिनिटं" म्हणायचं नाही, आत विचारून घड्याळातली वेळ सांगायची.

केस दाखवायला याल तर सोमवारी दुकान बंद असतं. मंगळवार ते शुक्रवार सकाळी अकराच्या आत या, त्या वेळी बेसिन मोकळं असतं.