आधी थीसिसचं एक वाक्य पक्कं कर

तुलनेच्या निबंधासाठी ख्रिस्ताच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणाची दोन चित्रं, लिओनार्दोचं लास्ट सपर (1495-98) आणि तिंतोरेत्तोचं (1592-94), घेतलीयस ना, मग "दोन्हींत साम्य आणि फरक आहेत" हा थीसिस नाहीच गं, त्यावर कोण वाद घालणार? असं लिही की लिओनार्दोला विश्वासघात ऐकून हादरलेली माणसं दाखवायचीत आणि तिंतोरेत्तोला भाकर देण्यातला चमत्कार. पॅरे चित्रांप्रमाणे नको, मुद्द्यांप्रमाणे पाड. टेबलच बघ, एकाचं समोर आडवं, सगळ्या रेषा ख्रिस्ताच्या डोक्याशी जाणाऱ्या, दुसऱ्याचं तिरकं आत गेलेलं, पुढे नोकरांची गडबड, ख्रिस्त लांब आणि छोटा, तरी डोक्याभोवतीच्या उजेडामुळे लगेच सापडतो. पॅऱ्यातून एक चित्र काढूनही तो तसाच उभा राहिला तर ते नुसतं वर्णन झालं, परत लिही.