आधी ऑफिसचा ॲडव्हान्स, मग बँक

घरात आजारपण आलंय, एक लाख हवेत, तर बँकेआधी एचआरला विचारा. लाजू नका. ॲडव्हान्सवर बऱ्याचदा व्याज नसतं. तेच लाख बँकेतून 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण 4,800 चा बसतो आणि व्याजच 15,000 च्या वर जातं. त्यात 2 टक्के प्रोसेसिंग फी आधीच कापली, तर हातात 98,000 च येतात. ऐन बिलाच्या वेळी हे लक्षात येतं!

पण फुकट म्हणून पूर्ण लाख ऑफिसकडून उचलू नका. नवखे इथेच फसतात. चार महिन्यांत फेडायचे म्हणजे दरमहा 25,000 कापले जाणार. 60,000 पगारातले 35,000 उरले की किराणा क्रेडिट कार्डावर जातो, आणि ते व्याज पर्सनल लोनपेक्षा जड. (मी हे केलंय.)

म्हणून:
- झेपेल तेवढाच ॲडव्हान्स, उरलेलं लोन.
- कपात किती महिने, हे लेखी घ्या.
- नोकरी बदलणार असाल तर ॲडव्हान्स टाळा. उरलेली रक्कम शेवटच्या हिशेबात एकदम वळती होते.
- लोन मुदतीआधी फेडल्यास दंड किती, ते सही करण्याआधी विचारा.