पानं किती गळली?

"नोकरीला चार वर्षं झाली. दरवर्षी सोयाबीन काढणीला आठवडाभर घरी जावं लागतं. साहेबांकडे रजा मागताना चोरी केल्यासारखं वाटतं आणि नाही मागितली तर वडिलांसमोर उभं राहवत नाही. काय करू?"

अशाच घरातला, लेखा विभागात काम करणारा एक मुलगा माझ्याकडे समुपदेशनासाठी यायचा. (ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.) आदल्या वर्षी त्याने "ताप आलाय" म्हणून रजा काढली होती. चुलतभावाने मळणीचा फोटो स्टेटसला टाकला, त्यात हा डोक्याला फडकं बांधून उभा. फोटो फिरत फिरत साहेबांच्या मोबाइलवर गेला. साहेब काहीच बोलले नाहीत आणि तेच त्याला जास्त टोचत होतं.

रजेचा विषय बाजूला ठेवून मी विचारलं, "घरी गेल्यावर तू नेमकं काय करतोस?" तो अडखळला. सोंगणी उक्ती दिलेली असते, ती टोळी करते. विळा तर त्याने शाळा सुटल्यापासून धरलेला नव्हता. मग बोलता बोलता सापडलं. कापलेलं सोयाबीन दोन-तीन दिवस उन्हात वाळतं, मग गंजी लागते आणि मळणी यंत्राची वाट बघणं सुरू होतं. यंत्राची पाळी रात्री अकराला आली तरी नाही म्हणता येत नाही. त्या वेळी यंत्रात घालायला, पोती धरायला, आभाळ आलं की ताडपत्री ओढायला घरची माणसं लागतात आणि वडिलांचे गुडघे आता साथ देत नाहीत. म्हणजे खरी गरज मळणीच्या तीन दिवसांची, फार तर पुढे-मागे एकेक दिवस. आठवडा हा त्याने स्वतःच धरलेला आकडा होता.

खरी अडचण दिवसांच्या संख्येत नव्हती, तारखेत होती. शेंगा पिवळ्या-तपकिरी झाल्या आणि पानं गळली की पीक थांबत नाही. उशीर झाला तर शेंगा तडकून दाणा रानातच सांडतो. घाई करून ओलं मळलं तर दाणा चिरडतो. गंजी भिजली तर बुरशी धरते. त्यामुळे वडील चार-पाच दिवस आधीपर्यंत तारीख सांगूच शकत नाहीत, तर कार्यालयाला ती पंधरा दिवस आधी हवी. हा मेळ कुणाच्या चुकीमुळे बसत नव्हता असं नाही. तो मुळातच बसत नाही. याने मात्र चार वर्षं ते स्वतःचं नाकर्तेपण समजून अंगावर घेतलं होतं.

मी त्याला एक काम दिलं. वडिलांना फोन करायचा, पण "येऊ का?" विचारायचं नाही. त्यावर "तुझं तू बघ" हेच उत्तर येतं आणि मग मुलगा त्या तीन शब्दांचा रात्रभर अर्थ लावत बसतो. विचारायचं, "बाबा, पानं किती गळली?" त्या दिवशी वडील वीस मिनिटं बोलले. वरच्या तुकड्यात निम्मी गळालीत, खालचा अजून हिरवा आहे, दहा तारखेच्या आत काही होत नाही.

मग साहेबांशी बोलायची तयारी केली. ठरलं ते असं: "काढणीसाठी पाच दिवस अर्जित रजा हवी आहे. 10 ते 22 यांच्यात कधीतरी लागेल, नक्की तारीख चार दिवस आधी सांगतो. महिनाअखेरचा हिशोब 5 पर्यंत पूर्ण करतो. बिलांचं काम शेजारचा सहकारी बघेल, त्याच्याशी बोललोय." त्याला शेवटी "वडील फार आजारी असतात" हेही जोडायचं होतं. ते मी खोडायला लावलं. गुडघेदुखीचं आजारपण केलं की तीही तापाचीच गोष्ट होते. त्या तापाबद्दल मात्र एक वाक्य बोलून टाक म्हटलं: "गेल्या वर्षी खरं कारण सांगायला हवं होतं." एकच वाक्य, खुलासा नाही.

हेही सांगितलं, की अर्जित रजा आपल्या खात्यावर असते, पण ती कधी द्यायची हे बहुतेक ठिकाणी वरिष्ठच ठरवतात. नकार आला तर "का नाही?" असा वाद न घालता "यातले कोणते दिवस चालतील?" एवढं विचारायचं.

साहेबांनी चार दिवस दिले, साप्ताहिक सुटी जोडून पाच. 11 तारखेला पाऊस आला, सोंगणी लांबली आणि याने फोन करून दिवस पुढे ढकलले. आधीच कल्पना दिलेली असल्याने कुणी कुरकुरलं नाही. मळणी दोन रात्रींत उरकली. मध्ये कार्यालयातून एकदा फोन आला, तो त्याने गंजीवर बसून घेतला.

धाकटे काका मात्र पोती मोजताना म्हणालेच, "पाहुण्यासारखा येतोस, पाहुण्यासारखा जातोस." पुढची दोन सत्रं आम्ही रजेवर नाही, काकांवर बोललो.