नवी हॅचबॅक की तीन वर्षांची सेडान? भाव नेमका कुठे उतरतो

प्रश्न : ऑन-रोड ९ लाखांत नवी हॅचबॅक मिळते, तेवढ्यातच तीन वर्षं वापरलेली मोठी सेडानही. तीन वर्षांनी विकायची आहे. पैसे कशात कमी बुडतील?

सेडानमध्ये, पण फरक वाटतो त्यापेक्षा फारच थोडा.

हॅचबॅकची एक्स-शोरूम किंमत ७.७५ लाख धरू. पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत महाराष्ट्रात ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे सुमारे ८५ हजार. विमा आणि नोंदणीचे ४० हजार धरले की झाले ९ लाख. यातले सव्वा लाख शोरूमच्या दारातच संपले, कारण पुढचा गिऱ्हाईक एक्स-शोरूम किमतीपासून भाव करतो. तीन वर्षांनी तिचे ५.४० लाख आले, तर घट ३.६० लाख.

सेडान नवी असताना १५ लाखांना पडली असेल, तर पहिले ६ लाख आधीच्या मालकाने सोसले. तुमच्या हातून ती ६ लाखांना गेली, तर तुमची घट ३ लाख. फायदा ६० हजारांचा. मात्र तुम्ही विकाल तेव्हा ती तिसऱ्या मालकाकडे जाणार, आणि तिथे भाव जास्त घासला जातो. हे ६ लाख धरताना आकडा हात राखूनच ठेवा.

आता ते ६० हजार कुठे जातात बघा. नव्या गाडीसोबत तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा येतो. सेडानचा तोच विमा नेमका आता संपतो. नवी पॉलिसी आणि नाव बदलण्याचा खर्च मिळून ३० हजार धरा. तिचे टायर ४० हजार किमीच्या आसपास बदलावे लागतात, चार टायरना साधारण २८ हजार. वर्षाला १० हजार किमी चालवलीत आणि ती १८ ऐवजी १४ चं अ‍ॅव्हरेज देत असेल, तर दरवर्षी दीडशेहून जास्त लिटर पेट्रोल वरचं. म्हणजे घटीतला फायदा पहिल्या दीडेक वर्षातच फिटतो. सेडान घ्यावी ती जागा, डिकी आणि हायवेवरच्या स्थिरतेसाठी. स्वस्त पडेल म्हणून घेऊ नये.

प्रश्न : मी ७ लाख कर्ज काढणार. त्याने हिशेब बदलतो का?

बदलतो, आणि इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा जास्त असतो. पाच वर्षांच्या मुदतीला ९ टक्क्यांनी हप्ता १४,५३१ येतो, १३ टक्क्यांनी १५,९२७. पाच वर्षांत सुमारे ८४ हजारांचा फरक, म्हणजे वरच्या ६० हजारांहूनही जास्त. सेडान रोखीने किंवा अगदी छोट्या कर्जावरच परवडते.

प्रश्न : डीलर म्हणतो, “पॉलिसीवर आयडीव्ही ९.१० लाख आहे, मी तर ९ लाखच मागतोय.” हे बरोबर का?

पॉलिसीची तारीख बघा. आयडीव्ही म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, आणि तिचा घसारा ठरलेल्या टप्प्यांनी होतो : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चारला ४०. त्याच मॉडेलची आजची यादीतली किंमत १३ लाख असेल, तर तिसरं वर्ष भरण्याआधी आयडीव्ही ९.१० लाख आणि नूतनीकरणानंतर ७.८० लाख. गाडी तीच, कागदावर मात्र १.३० लाख गेले. तुम्ही ९ लाख मोजलेत आणि महिन्याभराने नव्या पॉलिसीवर गाडी चोरीला गेली, तर भरपाई ७.८० लाखांच्या आतबाहेर. बाजारभाव असा पायऱ्यांनी पडत नाही, पण घासाघीस करताना हा आकडा डीलरसमोर ठेवाच.

आणखी एक. मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. डीलरने सवलतीचा प्रीमियम दाखवला तर तो तुम्हाला लागू नाही.

प्रश्न : मालक २०२३ चं बिल दाखवून भाव सांगतो. कशावरून ठरवायचं?

बिल बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीच्या पेट्रोल सेडानवरचा सेससह ४५ वरून ४० वर. म्हणजे नवी हॅचबॅक सेडानपेक्षा जास्त उतरली, आणि तुमच्या तुलनेत तिचं पारडं जड झालं. मालकाने तेव्हा जास्त कर भरला, तो तुम्ही परत करायचं कारण नाही. आज शोरूममध्ये त्याच व्हेरिएंटचा भाव काय, तिथून सुरू करा.

प्रश्न : मीटरवर २८ हजार किमी. खरं कसं ओळखू?

टायरच्या बाजूवर DOT नंतरच्या शेवटच्या चार आकड्यांकडे बघा. 2322 म्हणजे २०२२ चा २३वा आठवडा. गाडी २०२२ ची आणि चारही टायर २०२४ चे असतील, तर २८ हजारांत टायर का बदलले, हे विचारा. मग सर्व्हिस सेंटरमधून प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं किमी घ्या. मध्येच आकडा मागे गेला असेल, तर भाव करूच नका.