डायबिटीसच्या गोळ्या दिवस राहण्याआधी बदलायच्या की टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर?

प्रश्न: मला ६ वर्षांपासून टाइप २ डायबिटीस आहे, शेवटचं एचबीए१सी ८.४. आम्ही आता बाळाचा विचार करतोय. डॉक्टर म्हणाले, आधी दिवस राहू देत, मग गोळ्या बदलू. हे बरोबर आहे का? आणि इन्सुलिन घ्यावंच लागेल का?

उत्तर:

नाही, बरोबर नाही. गरोदरपणाआधीच्या शुगरची तयारी करून घेणं हेच माझं काम आहे आणि ‘आधी दिवस राहू देत’ हा सल्ला घेऊन उशिरा येणाऱ्या बायका मी नेहमी बघते. त्यात गणिताचीच चूक आहे.

समजा तुमची पाळी २८ दिवसांची आहे. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरा. साधारण १४व्या दिवशी गर्भधारणा होते. पुढची पाळी २९व्या दिवशी अपेक्षित असते. ती आली नाही तर बहुतेक जणी आठवडाभर वाट बघतात, म्हणजे घरी टेस्ट होते ३६व्या दिवशी. डॉक्टरांची वेळ मिळून गोळ्यांचा कागद बदलेपर्यंत ४३वा दिवस उजाडतो. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात, ती नळी ४२व्या दिवसापर्यंत मिटलेली असते. हृदयाची घडणही त्या वेळी बरीच पुढे गेलेली असते. आईची शुगर जास्त असताना जन्मजात दोषांचा आणि गर्भपाताचा जो धोका वाढतो, तो मुख्यतः याच आठवड्यांतला. ४३व्या दिवशी सुरू केलेलं इन्सुलिन पुढच्या महिन्यांसाठी नक्की उपयोगी पडतं, पण होऊन गेलेल्या घडणीला त्याचा उपयोग नाही.

म्हणून आधी एचबीए१सी ६.५च्या खाली आणायचं आणि मगच गर्भनिरोधक थांबवायचं. तोवर कॉपर-टी किंवा कंडोम, जे वापरत असाल ते चुकवू नका. एचबीए१सी १०च्या वर असेल तर सध्या दिवस राहू देऊ नका, इतकं स्पष्ट सांगितलं जातं. तुमचं ८.४ म्हणजे सरासरी शुगर साधारण १९४, आणि ६.५ म्हणजे साधारण १४०. हे अंतर कापायला बहुतेकींना तीन-चार महिने लागतात. हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो, त्यामुळे आज शुगर सुधारली तरी तो हळूहळूच उतरतो.

आता गोळ्या. तुम्ही नावं लिहिली नाहीत, म्हणून तुमच्यासारख्याच एका केसचा कागद घेते. वय ३२, वजन ७० किलो, एचबीए१सी ८.४. कागदावर पाच औषधं: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड, डॅपाग्लिफ्लोझिन, ब्लडप्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरवास्टॅटिन.

औषधांना हात लावण्याआधी दोन तपासण्या केल्या. एक म्हणजे बाहुली मोठी करून डोळ्याच्या पडद्याची, दुसरी लघवीतल्या अल्ब्युमिनची आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची. डोळा आधी बघायचा, कारण बरेच दिवस वाढलेली शुगर झपाट्याने खाली आणली तर पडद्याचा आजार काही काळ उलट वाढू शकतो, आणि गरोदरपणातही तो वाढतो. पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या दिसल्या तर आधी लेसर करून घेतात आणि शुगर जरा सावकाश उतरवतात. या केसमध्ये पडदा स्वच्छ होता आणि लघवीत प्रोटीन नव्हतं, म्हणून पुढे जाता आलं.

टेल्मिसार्टन बंद करून लॅबेटालॉल सुरू केलं. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं, तसंच नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असलेली रॅमिप्रिलसारखी औषधं, बाळाच्या किडनीला इजा करतात आणि भोवतालचं पाणी कमी करतात. हा धोका मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढचा आहे. तरीही बदल आधीच करायचा, कारण नव्या औषधावर प्रेशर स्थिरावायला वेळ लागतो, डोस एकदा-दोनदा बदलावा लागतो, आणि हा प्रयोग गरोदर बाईवर करण्यात काही अर्थ नाही. अ‍ॅटोरवास्टॅटिन बंद केलं. कोलेस्टेरॉलची गोळी वर्षभर नसल्याने या वयात सहसा काही बिघडत नाही.

मेटफॉर्मिन चालूच ठेवलं. ते वारेतून बाळापर्यंत पोचतं हे खरं, पण गरोदरपणातला त्याचा अनुभव मोठा आहे आणि दिवस राहताना ते चालू ठेवणं मान्य आहे. ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन मात्र काढायची. डॅपाग्लिफ्लोझिनबद्दल प्राण्यांवरच्या प्रयोगांत पिलांच्या किडनीवर परिणाम दिसले आहेत आणि माणसांतली माहिती अपुरी आहे.

गोची इथेच होते. ही दोन काढली की शुगर वर जाणार, म्हणून त्यांच्या जागी इन्सुलिन आधी बसवायचं आणि मग ती काढायची. रात्री झोपताना लांब पल्ल्याचं इन्सुलिन १० युनिटांनी सुरू केलं. नियम सोपा होता. उपाशीपोटीची शुगर सलग तीन दिवस ९५च्या वर राहिली तर २ युनिटं वाढवायची, आणि कधीही ७०च्या खाली गेली तर वाढवणं थांबवून डोस ४ युनिटांनी कमी करायचा. सुरुवातीचे आकडे १६८, १७२, १६१ असे होते. तीन आठवड्यांत डोस २४ युनिटांवर आला आणि सकाळची शुगर ९५च्या आत बसली. वाटेत आधी ग्लिमेपिराइड काढलं, कारण इन्सुलिनसोबत ते शुगर फार खाली पाडू शकतं. मग डॅपाग्लिफ्लोझिन काढलं.

सकाळ चांगली झाली, पण रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांची शुगर २१०च राहिली. अशा वेळी हमखास होणारी चूक म्हणजे झोपतानाचं इन्सुलिन वाढवत नेणं. त्याने जेवणानंतरची शुगर आटोक्यात येत नाही, फक्त पहाटे तीनला शुगर पडते. घाम, धडधड, भयंकर स्वप्नं, सकाळी डोकं जड, अशी लक्षणं दिसली की पहाटे तीनला एकदा पट्टीवर तपासावं. इथे उपाय होता रात्रीच्या जेवणाआधी लगेच काम करणारं इन्सुलिन, ४ युनिटं. पुढे ते ८वर नेलं आणि दोन तासांची शुगर १३०च्या आसपास आली.

एचबीए१सी दर महिन्याला केलं. ७.६ झालं, मग तिथेच अडकलं, तेही ग्लुकोमीटरची सरासरी १४०च्या खाली असताना. वहीतले आकडे खोटे असतील असा संशय घेणं सोपं असतं. हिमोग्लोबिन तपासलं तर ९.२ निघालं, लोहाची कमतरता. लोह कमी असलं की एचबीए१सी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. लोहाच्या गोळ्या दिल्यावर पुढे ६.८ आणि मग ६.३ आलं. उलटही होतं: थॅलेसेमियासारख्या किंवा रक्तपेशी लवकर तुटणाऱ्या आजारात हा आकडा खोटा कमी दिसतो आणि फसवी खात्री देतो. म्हणून वही आणि एचबीए१सी एकमेकांशी जुळत नसतील तर आधी रक्ताकडे बघा.

फोलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम रोज, गर्भनिरोधक थांबवण्याच्या तीनेक महिने आधीपासून बारावा आठवडा संपेपर्यंत. डायबिटीस असताना बऱ्याच ठिकाणी हाच डोस देतात, नेहमीचा ४०० मायक्रोग्रॅमचा नाही.

तुमचा दुसरा प्रश्न. इन्सुलिन घ्यावंच लागेल का? ८.४ असताना आणि अशा दोन गोळ्या काढायच्या असताना, बहुधा हो. ‘इन्सुलिन म्हणजे शेवटचा उपाय’ हे डोक्यात घालून देणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. या कामासाठी ते पहिलं औषध आहे, कारण नेहमीची इन्सुलिनं वारेतून बाळापर्यंत जवळजवळ जात नाहीत आणि डोस एकेक युनिटाने हलवता येतो. गोळीत ही सोय नाही. डोस वाढत गेला म्हणजे तुमचं काही चुकलं असंही नाही. गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वारेच्या हार्मोन्समुळे तो कित्येकींचा दुप्पट होतो आणि बाळंतपणानंतर झपाट्याने खाली येतो.

आता राहिलेल्या अटी. वर लिहिलेले डोस एका केसचे आहेत, तुमचे तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. लघवीत बरंच प्रोटीन जात असेल तर काही किडनीतज्ज्ञ टेल्मिसार्टनसारखं औषध मुद्दाम टेस्ट पॉझिटिव्ह येईपर्यंत चालू ठेवतात, पण तेव्हा पाळी एक दिवस चुकली तरी टेस्ट करण्याची शिस्त लागते. वजनासाठी सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन घेत असाल तर ते दिवस राहण्याच्या निदान दोन महिने आधी बंद करावं लागतं, कारण शरीरातून ते आठवडेच्या आठवडे जात नाही. वजन उतरलं की बंद पडलेलं अंडं सुटणं पुन्हा सुरू होतं आणि ठरवलेलं नसताना दिवस राहतात, हेही लक्षात ठेवा. आणि ६.५ गाठताना शुगर वारंवार ७०च्या खाली जात असेल, तर ७च्या आसपास थांबणं शहाणपणाचं.

हे सगळं वाचण्याआधीच पाळी चुकली असेल तर एक गोष्ट करू नका: घाबरून सगळ्या गोळ्या एकदम बंद करू नका. काही दिवसांतच शुगर ३००वर जाऊ शकते आणि ती बाळासाठी मेटफॉर्मिनपेक्षा नक्कीच वाईट. टेल्मिसार्टन, स्टॅटिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन थांबवण्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, त्यांच्या जागी काय घ्यायचं ते त्याच फोनवर विचारा, मेटफॉर्मिन आणि इन्सुलिन चालू ठेवा, आणि भेटीची वेळ पुढच्या आठवड्याची दिली तर ‘डायबिटीस आहे, सहावा आठवडा चालू आहे’ असं सांगून उद्याची मागा.