शीर्षकात रेंजचा आकडा अटीसकट लिहा

इलेक्ट्रिक दुचाकीच्या रेंज-चाचणीच्या व्हिडिओला ‘रेंजची पोलखोल!’ असलं शीर्षक नको. समजा, बेळगाव-खानापूर रस्त्यावर दोघं बसून, इको मोडमध्ये, बॅटरी १०० वरून २० टक्क्यांवर येईपर्यंत ७२ किमी झाले. मग शीर्षक असं: ‘दोघे, इको मोड: ८०% चार्जमध्ये ७२ किमी, कंपनीचा दावा १२०’.

यावरून काढलेले पूर्ण चार्जचे ९० किमी हा हिशेब झाला, चाचणी नव्हे. शेवटच्या टप्प्यात बऱ्याच गाड्या पॉवर कमी करतात. वर्णनात तसं स्पष्ट लिहा. शिवाय दोघांचं मिळून वजन, टायरमधली हवा, सरासरी वेग आणि पाऊस-वारा द्या. कंपनीचा आयडीसी, म्हणजे ‘इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ या ठरावीक चाचणीचा, आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा असतो, तिथे चढ नसतो.

तुलना करायची तर दुसरी गाडीही त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनानं आणि वेगानं चालवा. मोडच्या नावावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा इको वेगळा. बॅटरी किती किलोवॅट-अवरची, तेही लिहा.