जाहिरात पणजीची, टीम पुण्याची

प्रिय पोरी,

जाहिरातीत ‘ठिकाण: पणजी’ आणि मुलाखत घेणारे तिघेही पुण्याचे. म्हापशाहून रोज कदंब बसने पणजीला यायचं आणि दिवसभर पुण्याच्या माणसांशी व्हिडिओ कॉलवर बोलायचं, तर घरूनच काम का नको, हा तुझा प्रश्न रास्त आहे. पण आधी टीम कुठे बसते ते नीट काढून घे.

एचआर बहुधा जाहिरातीतलंच ठिकाण सांगेल. म्हणून पुढच्या फेरीत मॅनेजरलाच विचार: “टीममधले किती जण पणजीत असतात? तुम्ही स्वतः कुठे बसता? ऑफिसला येणं किती दिवस सक्तीचं आहे?” यात मागणी काहीच नाही, त्यामुळे कुणाला खटकत नाही. माणसं चार शहरांत विखुरलेली असतील तर घरून काम मागणं सोपं. सगळी पुण्यात आणि पणजीत तू एकटीच असशील, तर सांभाळ. तिथे धोका रोजच्या बसचा नाही, बदलीचा आहे.

मी त्यातून गेलोय. नोकरी पणजीची म्हणून रुजू झालो. चौथ्या महिन्यात निरोप आला, “टीम इथे आहे, पुण्याला या.” एचआरने फोनवर दिलेला शब्द मी आठवून दिला, तर त्यांनी माझ्याच ऑफर लेटरमधली ओळ दाखवली: कंपनीच्या गरजेनुसार कोणत्याही शाखेत बदली होऊ शकते. खाली सही माझीच होती.

म्हणून निवड झाल्याचं कळलं की होकार देण्याआधी मॅनेजरला मेल कर आणि एचआरला त्यात ठेव. एवढंच लिही: “टीम पुण्यात असल्याचं कळलं. मी गोव्यातून काम करीन आणि महिन्यातून तीन दिवस पुण्याला येईन. त्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च कंपनी देईल का? कामाचं ठिकाण पणजी आणि ही व्यवस्था, दोन्ही ऑफर लेटरमध्ये येतील का?” दिवसांचा आकडा तूच सुचव, म्हणजे बोलणं ‘होय-नाही’वर न अडता दिवसांवर येतं. बदलीची ओळ ते सहसा काढत नाहीत. निदान “पहिलं वर्ष बदली नाही” एवढं तरी माग. “बघू नंतर” असं उत्तर आलं, तर ते नकार समजूनच पगाराचा हिशेब कर. पुण्यात खोलीचं भाडं त्यातूनच जाणार आहे.

आणखी एक. पगाराच्या तक्त्यात ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून महिना 200 रुपये कापलेले दिसतात का बघ. हा कर महाराष्ट्रात आहे, गोव्यात नाही. दिसला, तर एक तर तक्ता पुण्याचा जसाच्या तसा उचललाय, नाही तर तुझं नाव आताच पुण्याच्या ऑफिसवर चढलंय. यातलं नेमकं काय, ते सही करण्याआधी विचार.

तुझा,
काका